चार बॅगा, चार निकाल

जर्मनीला मास्टर्ससाठी निघालेल्या माझ्या मावसबहिणीच्या घरी, फ्लाइटच्या आदल्या रविवारी, हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर स्वेटर, टीपॉयवर मसाल्याची पाकिटं, जमिनीवर दोन भल्यामोठ्या बॅगा, एक केबिन ट्रॉली आणि एक लॅपटॉपची सॅक. मावशी म्हणाली, "वजन करून बघ गं फक्त. बाकी सगळं भरून झालंय."

मी वजनकाटा घेऊनच गेले होते. पण वजन सगळ्यात शेवटी करायचं असतं, हे मला त्या दुपारी कळलं आणि तेही आधी उलट्या क्रमाने करून बघितल्यावर. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही निळ्या बॅगेतून दीड किलो काढून लाल बॅगेत घातलं, काट्यावर आकडा बरोबर आला म्हणून खूश झालो आणि मग लाल बॅग उघडून आत काय आहे ते वाचायला बसलो. त्यातलं जवळपास तीन किलो सामान विमानात किंवा जर्मनीत जाणारच नव्हतं. म्हणजे केलेली हलवाहलव फुकट. ताईने सरळ सगळं पुन्हा जमिनीवर ओतलं.

दुसऱ्या वेळी आम्ही प्रत्येक बॅगेला तीन प्रश्न विचारले आणि क्रम ठरवून घेतला. आत असं काही आहे का जे या बॅगेत चालत नाही? बॅगेचं माप बसतं का? आणि मग वजन किती? हा क्रम महत्त्वाचा, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं की वस्तू एका बॅगेतून दुसरीत जाते नाहीतर घरी राहते, आणि दोन्ही बॅगांचं वजन बदलतं. शेवटी प्रत्येक बॅगेवर एक चिठ्ठी लावायची: पास, दुरुस्तीनंतर पास, किंवा नापास.

त्याच्याही आधी एक काम होतं, तिकीट नीट वाचायचं. ताईच्या तिकिटावर लिहिलं होतं, चेक-इनचे दोन नग, प्रत्येकी २३ किलो. हँडबॅग एक, ८ किलो, माप ५५ गुणिले ४० गुणिले २३ सेंटिमीटर. शिवाय सीटखाली मावेल अशी एक छोटी बॅग. इथे 'नग' हा शब्द नीट बघा. दोन नगांची मर्यादा म्हणजे ४६ किलो कसेही वाटून घ्या असं नाही. एक बॅग २० किलो आणि दुसरी २६ किलो असेल, तर २६ वाली नापास. देशातल्या फ्लाइटला बहुतेक वेळा उलटं असतं. तिथे साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन असा एकूण वजनाचा हिशोब चालतो. म्हणून मित्राच्या अनुभवावरून बॅग भरू नका. त्याचं तिकीट वेगळं, तुमचं वेगळं. परदेशातून मुंबईत उतरून पुढे नागपूरसाठी वेगळं तिकीट काढलेलं असेल, तर त्या दुसऱ्या तिकिटाला ४६ किलोशी काही देणंघेणं नसतं.

निळी बॅग

कपडे, चादर, पुस्तकं, थोडी भांडी आणि एका डब्यात मावशीने प्रेमाने भरलेलं पूजेचं साहित्य. छोटी गणपतीची मूर्ती, निरांजन, वाती, उदबत्ती, कापराची डबी आणि काडेपेटी.

काडेपेटी आमच्याही लक्षात आली असती. कापूर नसता आला. पण कापूर हा सहज पेट घेणारा घन पदार्थ आहे आणि विमानात न्यायच्या धोकादायक वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय यादीत तो त्याच वर्गात बसतो. मावशीने दोन्ही काढून देवघरात ठेवलं. मूर्ती, निरांजन, वाती आत राहिल्या.

कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली दुसरी वस्तू होती पॉवर बँक. ताईचा तर्क असा की ती जड आहे, मोठ्या बॅगेतच बरी. हीच चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात महाग पडते. पॉवर बँक आणि सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये कधीच चालत नाही, ती केबिनमध्येच न्यायची. या बॅटऱ्या आतून शॉर्ट झाल्या की स्वतःच तापत जातात आणि पेटतात. केबिनमध्ये धूर दिसला तर क्रू तिथे पोचू शकतो, पाणी ओतून ती थंड करू शकतो. बॅग पोटातल्या कार्गोत असेल तर तिथे उड्डाणात कोणी जाऊ शकत नाही. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या गिमहे विमानतळावर एअर बुसानच्या विमानात सामानाच्या वरच्या कप्प्यात आग लागली. विमान अजून जमिनीवर होतं, म्हणून सगळे प्रवासी बाहेर पडू शकले. आग बहुधा पॉवर बँकेतून लागली, असं तिथल्या तपासात पुढे आलं. त्यानंतर बऱ्याच विमान कंपन्यांनी नियम आणखी आवळले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यावरच बंदी घातली.

केबिनमध्येही मर्यादा आहे आणि ती एमएएचमध्ये नाही, वॅट-अवरमध्ये आहे. १०० वॅट-अवरपर्यंत साधारणपणे परवानगी विचारावी लागत नाही. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते. त्याच्या वर नाहीच. गणित सोपं आहे. एमएएचला हजाराने भागा आणि व्होल्टने गुणा. ताईची पॉवर बँक २०,००० एमएएचची, आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७. म्हणजे २० गुणिले ३.७, ७४ वॅट-अवर. पास. ३०,००० ची घेतली असती तर १११ आली असती आणि परवानगीच्या भानगडीत पडावं लागलं असतं. इथे यूएसबीवर लिहिलेला ५ व्होल्ट धरू नका, त्याने आकडा उगाच फुगतो. सेलचाच व्होल्टेज धरायचा.

सॅकच्या तळाशी अजून एक जुनी पॉवर बँक सापडली, रस्त्यावर घेतलेली. तिच्यावरची अक्षरं पुसून गेली होती. चालायची ती व्यवस्थित, पण क्षमता वाचताच येत नसेल तर सिक्युरिटीवाल्यांना ती किती आहे हे दाखवणार कसं? ती माझ्या भावाला मिळाली.

मग टेप. बऱ्याच विमान कंपन्यांची चेक-इन बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर असते. निळ्या बॅगेच्या टॅगवर लिहिलं होतं ७५, ५०, ३०. बेरीज १५५. पण टॅगवरचं माप अनेकदा नुसत्या खोक्याचं असतं, चाकांशिवाय. जमिनीपासून वरच्या मुठीपर्यंत मोजलं तर ७८ भरलं. बेरीज बरोबर १५८. म्हणजे काठावर पास, पण एका अटीवर. मधली एक्स्पान्डर चेन ताईने उघडली होती, त्याने जाडी पाच सेंटिमीटरने वाढली होती. चेन बंद करायला दोघींना बॅगेवर बसावं लागलं.

शेवटी वजन. सुरुवातीला होतं २४.६ किलो. पॉवर बँकेचे ४०० ग्रॅम आणि कापूर-काडेपेटीचे साधारण १०० ग्रॅम गेल्यावर २४.१. अजून एक किलोच्या वर जादा. पण आम्ही इथे थांबलो. लाल बॅग तपासल्याशिवाय तिच्यात काही घालायचं नाही, हे एकदा हात पोळल्यावर ठरलं होतं.

लाल बॅग

ही खाण्याची बॅग, आणि खरी भांडणं इथेच झाली. चकल्या, गोडा मसाला, मेतकूट, पापड, छोटा कुकर, एक किलो साजूक तूप, अर्धा किलो पेढे, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या एक किलो आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला कढीपत्ता.

कुकर चेक-इनमध्ये बिनधास्त जातो. पापड, चकल्या, मेतकूट यांचाही प्रश्न नाही. मसाले मात्र चेक-इनमध्येच भरा. तिखट, मसाल्याची पूड असलं काही आपल्या विमानतळांवर केबिनमध्ये सोडत नाहीत. डोळ्यात उडवलं तर ते हत्यारच झालं की.

सुकं खोबरं काढायला सांगितलं तेव्हा मावशी हसली. खोबऱ्याने विमान उडेल काय? उडणार नाही, पण पेटू शकतं. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि साठ्यात राहून ते आपोआप तापू शकतं. धोकादायक वस्तूंच्या यादीत त्याला चक्क स्वतःचा नंबर आहे, यूएन १३६३, आणि वर्ग आहे 'आपोआप पेटू शकणारे पदार्थ'. त्यामुळे आपल्याकडे विमानतळावर खोबऱ्याच्या वाट्या बाजूला काढल्या जातात. लसणाच्या चटणीचा बेत असेल तर खोबरं तिकडे जाऊन घेतलेलं बरं.

तूप आणि पेढ्यांचा विषय वेगळा आहे आणि तो कळायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. विमानात तुपाला चेक-इनमध्ये हरकत नसते. मुंबईत बॅग पास होईल. नापास होईल फ्रँकफर्टला. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. जनावरांचे रोग त्यातून येऊ नयेत म्हणून हा नियम आहे. घरचं बनवलंय, स्वतःपुरतंच आहे, सीलबंद आहे, ही कारणं तिथे चालत नाहीत. कढीपत्त्यासारख्या ताज्या पानांना, भाज्यांना आणि बहुतेक फळांना वनस्पती-आरोग्याचं सर्टिफिकेट लागतं. अननस, केळी, नारळ, ड्युरियन आणि खजूर यांना मात्र सूट आहे. म्हणजे ओला नारळ युरोपच्या कस्टमला चालतो आणि सुकं खोबरं विमानाला चालत नाही. हे ऐकून मावशी काही वेळ नुसती बघतच राहिली.

म्हणून एकाच वस्तूचे दोन निकाल असू शकतात, एक विमानाचा आणि एक उतरायच्या देशाचा. वजन-मापाच्या नादात दुसरा विसरतो आपण. दुबईला जाणाऱ्यांसाठी इथेच सांगते, संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. फराळातले अनारसे आणि काही घरच्या गोड्या मसाल्यात ती असतेच. ताईची फ्लाइट थेट फ्रँकफर्टची असल्याने मसाला वाचला. जर्मनीत तर पावावरसुद्धा खसखस असते.

तुपाच्या बरणीवरून मात्र पंधरा मिनिटं वाद झाला. आजीने चार दिवस साय साठवून कढवलेलं तूप. मावशीचं म्हणणं, सगळे नेतात, कोणी बघत नाही. हे अर्धं खरंही आहे, प्रत्येक बॅग कस्टमवाले उघडत नाहीत. पण ताई म्हणाली, "आई, तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी मला कस्टमवाल्याशी बोलायचं नाहीये. माझं जर्मन ए-टू आहे." तूप राहिलं.

हिशोब असा झाला. लाल बॅग आधी २२.९ किलो होती, म्हणजे नुसतं वजन बघितलं असतं तर आम्ही तिला उघडलीही नसती. तूप एक किलो, पेढे अर्धा, खोबरं एक आणि ओल्या फडक्यासकट कढीपत्ता २०० ग्रॅम, असं २.७ किलो बाहेर आलं. राहिलं २०.२. आता जागाही होती आणि वजनही.

ट्रॉली

दुकानदाराने 'केबिन साइज' म्हणून दिलेली, गुलाबी, चार चाकांची. आत एक जोडी कपडे, सर्टिफिकेटं, औषधं, नेलकटरच्या सेटमधली कात्री आणि एक लोणच्याची बरणी, 'हातात असलेली बरी' म्हणून.

लोणच्याची बरणी अर्ध्या किलोची. आंतरराष्ट्रीय फ्लाइटला केबिनमध्ये द्रव, जेल, पेस्ट १०० मिलिलिटरच्या आतल्या डब्यातच आणि असे सगळे डबे एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. २००६ साली लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवायचा कट उघड झाला, त्यानंतर आलेला हा नियम. यात मोजतात तो डबा, आतला माल नव्हे. २०० मिलिलिटरची शाम्पूची बाटली चतुर्थांश भरलेली असली तरी ती २०० चीच. तेलातलं लोणचं अर्थात अडकणार. बरणी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून लाल बॅगेत गेली, कात्रीही गेली.

मग टेप लावली आणि ट्रॉली गचकली. टॅगवर उंची ५५. चाकांपासून मुठीपर्यंत ५८. काउंटरवर कोणी मोजलं नाही तर चालून जातं, पण बोर्डिंग गेटजवळ कंपनीचा जो लोखंडी सांगाडा असतो त्यात बॅग शिरली नाही की वाद घालायला जागा राहत नाही. कडक बॅग दाबताही येत नाही. त्यात ही रिकामी ट्रॉलीच २.९ किलोची! आठ किलोतले जवळजवळ तीन किलो बॅगेनेच खाल्ले. आतल्या ५.६ किलो सामानासकट ती ८.५ भरत होती. म्हणजे माप आणि वजन, दोन्हीत नापास.

माझी कापडी डफल मी ताईला दिली. तिचं माप ५० गुणिले ३५ गुणिले २२ आणि वजन ९०० ग्रॅम. सामान ५.६ मधून लोणच्याचे अर्धा किलो वजा, पॉवर बँकेचे ४०० ग्रॅम अधिक, म्हणजे ५.५. डफलसकट ६.४ किलो. पास.

डफलमध्ये पॉवर बँक आणि औषधं आम्ही वरच्या खणात एका छोट्या पाउचमध्ये ठेवली. फ्लाइट भरलेली असली की गेटवर काही जणांच्या हँडबॅगा काढून घेतात आणि खाली कार्गोत टाकतात. त्या क्षणी केबिन बॅग चेक-इन बॅग होते आणि तिचा निकाल बदलतो. पॉवर बँक काढून जवळ ठेवावीच लागते. रांगेत उभं राहून कपडे उचकण्यापेक्षा पाउच ओढून घेतलेला बरा.

चौथी लॅपटॉपची सॅक. सीटखाली मावत होती, आत लॅपटॉप, चार्जर, पासपोर्ट, रिकामी पाण्याची बाटली. एकदम पास.

मग शेवटची हलवाहलव. निळीतून १.७ किलोची पुस्तकं लाल बॅगेत. निळी २४.१ वरून २२.४. लाल २०.२ अधिक लोणच्याची बरणी ०.५ अधिक पुस्तकं १.७, तीही २२.४. आम्ही मुद्दाम २३ पर्यंत नेलं नाही. आमचा काटा हुकाचा, हातात धरायचा, आणि हात हलला की आकडाही हलतो. आधी पाच किलोचं तांदळाचं सीलबंद पाकीट लटकवून बघितलं, तर काटा ४.९ दाखवत होता. म्हणजे वजन कमी दाखवणारा काटा. २३ किलोच्या आसपास हा फरक जवळजवळ अर्ध्या किलोचा होतो. असा काटा नसेल तर बाथरूमचा चालतो. बॅग उचलून उभं राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. तोही आधी तांदळावर तपासून घ्या.

मावशीने विचारलं, थोडं वर गेलं तर काय होतं? २३ च्या वर गेलं तर जादा वजनाचे पैसे, कंपनी सांगेल तितके. आणि एका बॅगेचं ३२ किलोच्या वर गेलं तर बहुतेक ठिकाणी पैसे देऊनही घेत नाहीत. शेवटी ती बॅग कोणीतरी हाताने उचलणार असतं.

विमानतळावर मीही गेले होते. काउंटरच्या काट्यावर निळी २२.८ आणि लाल २२.९. आमचा काटा खरंच कमी दाखवत होता. बॅगा पट्ट्यावरून आत गेल्या तरी ताई लगेच हलली नाही. चेक-इन बॅगांचं स्कॅनिंग काउंटरच्या मागे होतं आणि आत काही सापडलं तर प्रवाशाला परत बोलावून बॅग उघडायला लावतात. आमच्या शेजारच्या रांगेतल्या एका मुलाला तसंच बोलावलं. तो धावत परत आला तेव्हा आईला फोनवर विचारत होता, "अगं, पॉवर बँक कुठल्या बॅगेत टाकलीस?"

ताईचं नाव पुकारलं गेलं नाही. मावशीने घरी आल्यावर तुपाची बरणी फ्रीजमध्ये परत ठेवली. बारा दिवसांनी आखेनहून फोटो आला, विद्यार्थी वसतिगृहाच्या किचनमध्ये गॅसऐवजी इलेक्ट्रिक शेगडी, त्यावर मंद आचेवर बटरचं पाकीट कढत ठेवलेलं. तिकडे बटरश्माल्त्स नावाने तयार तूप डब्यात मिळतं म्हणे, पण तिला ते पटलं नाही. मावशीने फोटो मोठा करून बघितला आणि उत्तर पाठवलं, "आच अजून कमी कर, बेरी करपतेय."